शेवटच्या तारखेचे दोन एकर

आमच्या सावकारांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, हैदराबादच्या एका हॉटेलात दोन दिवसांत विक्रीशास्त्र कळलं. जाताना ते माणसासारखे गेले होते. येताना गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात एक जाडजूड फाईल आणि पिशवीत पितळेची घंटा घेऊन आले. घंटा दुकानाच्या भिंतीला ठोकायची, आणि जो सेल्समन ठिबकचा संच विकेल त्याने ती वाजवायची, असं त्यांना तिथल्या टायवाल्या गुरुजींनी सांगितलं होतं. त्या गुरुजींनी आयुष्यात कधी उसाच्या सरीत पाय घातला असेल असं मला वाटत नाही. चपलेला चिखल लागलेला माणूस असली शिकवण देत नाही.

आमचं दुकान हुमनाबादला, मोठ्या रस्त्याला लागून. ठिबक सिंचनाचे संच, पाइप, फिल्टर विकायचे आणि शेतात बसवून द्यायचे, हा धंदा. मी मैलूरहून रोज बसने यायचे. माणसांचे पगार, हजेरी, रजा आणि सावकारांचा मूड ही चार खाती माझ्याकडे होती. सेल्समन पाच. मला सगळे अक्का म्हणत. पाचातल्या सगळ्यात जुन्या माणसाला सगळे अण्णा म्हणत, वयाने मोठी असून मीसुद्धा. पाण्याचा पंप नुसता ऐकून ते दाब कमी की जास्त ते सांगायचे.

तोवर पगार सरळ होता. दर महिन्याला ठरलेली रक्कम आणि दिवाळीला सावकारांच्या मर्जीप्रमाणे काहीतरी. हे फार चांगलं होतं असा दावा मी करणार नाही. त्यात दोघे आळशी झाले होते आणि ते आळशी आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दोघांना जागं करायला सावकारांनी पाचांच्याही कानाशी घंटा बांधली.

“अक्का, योजना बनवा,” सावकार म्हणाले. “जो पळंल त्याला मिळंल. जो बसंल त्यानं घरी बसावं.”

आणि मी बनवली. इथे सगळं सावकारांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण तो कागद माझ्या हाताचा होता आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता. वाणिज्य शाखेची पदवी, संगणकावरचा रंगीत तक्ता आणि खुर्चीत बसल्याबसल्या शेळ्या हाकायला मिळालेला उंट, एवढं हाताशी आलं की माणूस स्वतःला शहाणा समजू लागतो. मी पाच माणसांना पाच तुकडे वाटून दिले. अफजलपूर एकाचं, हुमनाबादच्या आसपासची गावं अण्णांची, बाकीचं तिघांचं. बिल फाडलं की एकर मोजायचे. महिन्याला चाळीस एकरांच्या आत राहिलं तर एकरी थोडे पैसे. चाळिसावा एकर भरला की पहिल्या एकरापासून सगळ्यांवर दुप्पट दर. पहिल्या येणाऱ्याचा फोटो दुकानाच्या ग्रुपवर. सलग दोन महिने शेवटचा आला तर त्याला कामावरून काढल्याचं पत्र.

आता हा कागद पाहिला की कुणाच्याही लक्षात येईल की एकोणचाळीस आणि चाळीस यांच्यामध्ये मी एक विहीर खणून ठेवली होती. एका एकरासाठी माणसाचा निम्मा भत्ता बुडणार, तर तो माणूस तो एक एकर कुठून तरी पैदा करणारच. मला हे तेव्हा दिसलं नाही, कारण मी रंग निवडत होते.

पहिल्या महिन्यात घंटा इतकी वाजली की शेजारचा खतवाला विचारायला आला, दुकानात सत्यनारायण आहे का म्हणून. सावकार खुश. अफजलपूरवाला पहिला आला. भीमेकाठचा ऊस, पाण्याची सोय, सोलापूरकडे जाणाऱ्या बसेस, तिथे कुणीही पहिला आला असता. पण फोटोत तो असा उभा होता जणू भीमा त्यानेच खणली. आपली माती चांगली असली की सगळे स्वतःला नांगर समजतात.

दुसऱ्या महिन्यात मला मौज कळू लागली. तीस तारखेला पंचवीस बिलं फाटायची आणि पाच तारखेपर्यंत त्यातली सहा-सात परत यायची. शेतकऱ्याच्या लिंबाखाली पाइपांची वेटोळी तशीच पडून, वर कोंबड्या बसलेल्या. “घरी इचारून सांगतो म्हनलो होतो, ह्यांनी बिलच फाडलं,” असं शेतकरी फोनवर सांगायचे. एका सेल्समनचे पंधरा तारखेलाच चाळीस एकर झाले, तर त्याने पुढची गिऱ्हाईकं खिशात ठेवली. पुढच्या महिन्याची बेगमी! माणसं वावरात उभी आणि हा म्हणायचा, माल संपलाय. माल गोदामात माझ्या पाठीमागेच होता.

पण खरी घाण दुसरीकडे होती, आणि ती ओळखायला मला लाजिरवाणा वेळ लागला. आमच्याकडे कुणी दुकानात येऊन, माहितीपत्रक वाचून ठिबक घेत नाही. आधी पाव्हण्याच्या शेतात जाऊन बघतो. लेक अफजलपूरला दिलेली, सून भालकीकडची, स्वतःची निम्मी जमीन आजोळच्या गावात. माणूस चार ठिकाणचं बघतो, पाव्हण्याला विचारतो, दोनदा चहा पितो आणि मग हो म्हणतो. आधी आमचे पाचही जण एकमेकांच्या शेतकऱ्यांना गाडीवर बसवून एकमेकांच्या भागात दाखवायला न्यायचे. विक्री एकाची कधी नसायचीच. मी मात्र नकाशावर तालुक्याच्या रेघा ओढून नाती कापली. इथल्या मातीत जन्मलेल्या बाईने हे करावं, यापरती अक्कल कोणती?

मग व्हायचं तेच झालं. हुमनाबादचा शेतकरी अफजलपूरच्या जावयाचं ठिबक बघायला गेला तर तिथला आमचाच माणूस त्याला म्हणायचा, “बिल माज्याकडं करा, न्हाईतर दाखवत न्हाई.” तो नाही म्हणाला तर पुढचं वाक्य असायचं, “तिकडचा माल तितका बरा न्हाई बगा.” तोच माल, त्याच गोदामातला, त्याच गाडीत गेलेला! आमच्या कंपनीची बदनामी करायला बाजारात दुसऱ्या कंपनीची गरजच उरली नाही. मी सावकारांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “स्पर्धा हाय अक्का. स्पर्धेत जरा हुतंच.” उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

अण्णा दोन महिने शेवटचे आले. कारण सोपं होतं. ते सकाळी स्वतःच्या भागात एक संच दाखवायचे आणि दुपारी दुसऱ्याने विकलेले तीन दुरुस्त करत बसायचे. तुंबलेल्या नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडायचं, फिल्टरची जाळी धुवायची, क्षार धरलेल्या नळ्यांत आम्ल किती सोडायचं ते दाखवायचं. या कामाला माझ्या कागदावर एक ओळही नव्हती. कागदाच्या भाषेत अण्णा दिवसभर झोपून होते.

सावकारांनी पत्र टाईप करायला सांगितलं. “पुढच्या महिन्यात चाळीस झाले न्हाईत तर हे द्या.” मी ते टाईप केलं, अण्णांना बोलावलं आणि वाचून दाखवलं. तेवढंही धैर्य नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी मी जे करलालोय ते काम न्हाई का अक्का?” मी म्हणाले, “कागदात नाही बसत, अण्णा.”

तिसऱ्या महिन्यात अण्णांनी दुरुस्त्या बंद केल्या आणि विकायला सुरुवात केली. काय विकलं म्हणता! पंचवीस वर्षांची ओळख होती, लोक तोंडाकडे बघून घेत होते. तीस तारखेला दुपारी ते अडतीस एकरांवर होते. संध्याकाळी दोन एकरांचं बिल आलं, निर्णा शिवारातलं. घंटा वाजवायला ते आलेच नाहीत, मीच पाहिलं की चाळीस झाले. पत्र मी फाडून टाकलं आणि मला चक्क आनंद झाला, की बघा, योजना चालते. किती हा मूर्खपणा.

निर्ण्याचं ते शेत त्यांच्या दाजींचं, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं. दोन एकर ऊस, बोअरचं पाणी, आणि बोअरमधून वाळू येते हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. असल्या बोअरला आधी वाळू वेगळी काढणारा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लागतो आणि त्याच्यापुढे जाळीचा. वाळूचा फिल्टर धरला की किंमत वाढते, किंमत वाढली की दाजी म्हणणार, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात म्हणजे अण्णांना पत्र. त्यांनी तो फिल्टर बिलातून काढला. “नंतर बसवू दाजी, चालतंय तोवर,” म्हणाले. दाजींनी विचारलंही नाही. मेहुणा सांगतोय म्हटल्यावर विचारायचं काय?

उन्हाळ्यात नळ्यांची भोकं वाळूने बुजली. सुरुवातीचा ऊस हिरवा आणि शेवटच्या टोकाचा वाळून काडी. पाणी चालू आहे, मोटार चालू आहे, दाजी रात्रंदिवस बोअरवर, आणि टोकाला थेंब नाही. अण्णा तेव्हा पुढच्या चाळीस एकरांच्या मागे होते. त्यांनी फिटरला पाठवलं, त्याने टोकं उघडून वाळू सोडली, आठ दिवसांत परत तेच. पाऊण एकर ऊस गेला. पंचमीला त्यांची बहीण माहेरी आली नाही. लग्न झाल्यापासून ती कधी चुकली नव्हती. अण्णा गाडी घेऊन न्यायला गेले होते, तर दारातूनच निरोप मिळाला, “शेतात काम हाय.”

हे मला अण्णांनी श्रावण संपता संपता, दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून सांगितलं. ते रडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, “अक्का, मला म्हाईत होतं वाळू येती म्हनून. न कळता केलो असतो तर येगळं.” मला त्या क्षणी सावकारांचा, त्या टायवाल्याचा आणि सर्वांत जास्त माझ्या रंगीत तक्त्याचा तिरस्कार वाटला. चांगल्या माणसाला वाईट वागायला लावणं अवघड असतं असं आपण समजतो. मला त्याला तीन महिने आणि एक पान पुरलं होतं.

सावकारांना ऊस आणि बहीण सांगून उपयोग नव्हता, ते मला माहीत होतं. मी त्यांना परत आलेले संच, उसासारख्याच वाळलेल्या ओळखी आणि सहा महिन्यांत भत्ता म्हणून वाटलेली रक्कम शेजारी शेजारी मांडून दाखवली. परत आलेल्या विक्रीवरही आपण दुप्पट दराने भत्ता दिलाय हे कळल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माणुसकी ज्या दारातून आत येत नाही, त्याच दारातून तोटा बिनधास्त येतो. “मग करा काय करायचं ते,” म्हणाले. घंटा मी त्याच दिवशी उतरवली.

या वेळी मी आधी कागद लिहिला नाही. पाचही जणांना बसवलं आणि म्हणाले, “मी जे सांगेन, त्यात तुम्ही मला कसं फसवाल ते सांगा.” पहिल्यांदा सगळे साधुसंत झाले. मग अफजलपूरवाला हसला आणि सगळेच सुरू झाले. अर्ध्या तासात त्यांनी इतक्या वाटा सांगितल्या की मला वाटलं, ही माणसं इथे पाइप कामून विकायलेत, ह्यांनी खजिना फोडायला हवा होता. प्रत्येक वाट दिसली की कागदातलं एकेक वाक्य बदलत गेलं.

पक्का पगार वाढवला आणि वरचा भत्ता लहान केला, म्हणजे त्याच्यावाचून कुणाची चूल अडू नये. एकरी दर पहिल्या एकरापासून शेवटच्यापर्यंत एकच, मध्ये विहीर नाही. भत्त्याचा निम्मा भाग संच बसून, नळीच्या सुरुवातीला आणि टोकाला भांडं लावून ठरल्या वेळात सारखं पाणी पडतं का ते मोजल्यावर. उरलेला निम्मा एक हंगाम गेल्यावर, तेच मोजमाप पुन्हा करून, आणि ते मोजायला विकणाऱ्याने नाही तर दुसऱ्याने जायचं. संच परत आला तर त्याचे एकर वजा. ज्याच्या भागातलं शेत दाखवून विक्री झाली त्याला विकणाऱ्याच्या भत्त्यातला ठरलेला वाटा. शिवाय एक छोटी रक्कम पाचांत सारखी, सगळ्यांचं मिळून काम बरं झालं तर. ती मुद्दाम छोटी, नाहीतर एकाने राबायचं आणि चौघांनी चिंचेखाली बसायचं. क्रमांक नाही, फोटो नाही. मग ही योजना मी मागच्या सहा महिन्यांच्या बिलांवर लावून पाहिली, कुणाला किती मिळालं असतं ते. अण्णा मधोमध आले. प्रत्येकाला आपला भत्ता बोटांवर मोजता येईल एवढाच तो कागद ठेवला.

सगळं नीट झालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण शहाण्या माणसाला एक जास्तीची ओळ लिहिल्याशिवाय झोप येत नाही. दुरुस्तीच्या कामाला कागदात जागा नव्हती ही माझी बोच होती. म्हणून मी दर दुरुस्ती-भेटीला थोडी रक्कम लावली, आणि त्यासाठी एक छापील पत्रक केलं. इथल्या सरकारी भाषेत, कन्नडमधून, नीटनेटकं. भेटीची तारीख, केलेलं काम, भेटीचा भत्ता, शेतकऱ्याची सही. अण्णांचा मान मी परत देतेय, अशी माझी समजूत होती.

दसऱ्यानंतर वाळूचा फिल्टर घेऊन आम्ही निर्ण्याला गेलो. तो फिल्टर दुकानाच्या खर्चाने द्यायचा, यावर मी सावकारांशी दोन दिवस भांडले होते. दाजी बोअरवरच होते. त्यांनी मान हलवली, बस. अण्णांनी शर्ट काढून ठेवला, स्वतः पाइप कापला, फिल्टर बसवला, एकेक नळी उघडून वाळू सोडली, बुजलेल्या नळ्या बदलल्या. फिटर बरोबर होता, पण त्याला हात लावू दिला नाही. उन्हं कलली तेव्हा टोकाच्या नळीखाली भांडं लावलं. पाणी सुरुवातीइतकंच पडलं. दाजी वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं आणि ते घराकडे तोंड करून ओरडले, “अगं, च्या ठेव! भाऊ आलाय तुझा!” मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मीच पिशवीतून पत्रक काढून सहीला पुढे केलं. सवय हो, दुसरं काय. दाजी कन्नड वाचतात, तिसऱ्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं.

“भेटीचा भत्ता,” ते म्हणाले. “ह्याचे बी पैसे मिळतेत का तुला?”

अण्णांना नाही म्हणता आलं असतं. मलाही मध्ये बोलता आलं असतं.

“व्हय दाजी,” अण्णा म्हणाले. “मिळतेत.”

दाजींनी सही केली. “करतो बाबा सही. तुजं नुस्कान कामून करू?” म्हणाले आणि पत्रक माझ्या हातात दिलं. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे बघून, आता आवाज न चढवता, म्हणाले, “च्या हिकडंच घिऊन ये गं. दुकानाची मान्सं हायत. घरात येत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ कागदातून काढली आणि उरलेली सगळी पत्रकं गोदामात पाइप गुंडाळायला देऊन टाकली. दुरुस्ती पक्क्या पगारातच धरली, हंगामानंतरचा निम्मा भत्ता हवा असेल तर ती करावीच लागणार होती. योजना आजही चालू आहे आणि तिच्याबद्दल मला कुणी नावं ठेवत नाही. पण हे सगळं दुसऱ्या दिवसाचं. त्या संध्याकाळी आम्ही पंपाजवळच्या पोत्यांवर बसलो होतो आणि अण्णांची बहीण चहा घेऊन आली. तिने मला कप दिला, फिटरला दिला. अण्णांसमोर आली तेव्हा तिने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा, आणि खाली बघत म्हणाली, “घ्या, साहेब.”